नेटचा टेक्निशियन घरी येण्याआधी काय तयारी ठेवता? (अनुभव धागा)

रात्रकिडा
माझ्याकडे फायबरवाला तीनदा येऊन तक्रार बंद करून गेला. नेट जायचं संध्याकाळी, हा यायचा सकाळी अकराला, मोबाईलवर स्पीड टेस्ट लावायचा, "बघा, फुल येतंय", की निघाला. चौथ्या खेपेला मी लॅपटॉप केबलने राउटरला जोडला आणि दोन खिडक्यांत हे चालू ठेवलं (विंडोज आहे)

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

नेट गेलं की पहिलीत उत्तरं येतच राहायची, दुसरी ठप्प, आणि त्याच वेळी डब्यावरचा LOS दिवा लाल. म्हणजे वायफायचा काही संबंध नाही. चार दिवसांच्या वेळा आणि लाल दिव्याचा व्हिडिओ दाखवला तेव्हा कुठे त्याने पॉवर मीटर बाहेर काढला. तुमचे अनुभव लिहा.

खटपट्या
मी तर तो यायच्या आधीच राउटर रिसेट मारून ठेवतो, अर्धी दुखणी तिथेच जातात.

जुना लाइनमन
रिसेट नका मारू हो! बंद-चालू करून बघा, ते वेगळं. रिसेटने लॉग जातो, कधी कधी लाइनची सेटिंग्जपण उडतात, मग येणारा माणूस तेच दुरुस्त करून जातो आणि मूळ रोग तसाच.
मी ही कामं केलीत म्हणून सांगतो, मीटरवरचा आकडा विचारा. तो उणे असतो, -20 च्या आसपास ठीक, -27 च्या खाली गेला की बरेचसे डबे मान टाकतात. 3 ने घसरला तरी प्रकाश निम्मा झालेला असतो. घरात एकदा आणि बाहेरच्या पेटीत एकदा मोजायला लावा, मोठा फरक आला तर भानगड त्या मधल्या वायरीत.

प्लॅनग्रस्त
माझंपण सेम, 100 चा प्लॅन आणि बेडरूममध्ये 30, प्लॅन वाढवून घेऊ का?

जुना लाइनमन
तुमचं सेम नाही. आधी केबल लावून मोजा, 90 च्या वर आला तर लाइन बरी आहे, वायफायचं बघा.

रात्रकिडा
@जुना लाइनमन अगदी तेच झालं! पेटीत -21, घरात -23, तो म्हणाला सगळं ओके. बायको म्हणाली की नेट जातं तेव्हा डासांमुळे खिडकी लावलेली असते, म्हणून त्याच्यासमोरच सरकती खिडकी लावली तर मीटर -29! वायर खिडकीच्या पट्टीतून आणलेली, काच सरकली की चेपायची. सकाळी खिडकी उघडी, म्हणून तिन्ही वेळा "ओके". दुसरीकडून नवीन वायर ओढली, आता खिडकी लावूनही -22.

खटपट्या
बरं, रिसेटचं मान्य. पण तक्रार बंद करायचा ओटीपी मी एक दिवस नेट नीट चालल्याशिवाय देत नाही.

जुना लाइनमन
त्या पोराला वरून बोलणी बसतात हो. शेवटचा आकडा फोटोत घ्या आणि देऊन टाका.

खटपट्या
आणि रात्री परत गेलं तर?