मदत हवी आहे: गिऱ्हाईकाला पुरे झालंय हे बारटेंडरला कसं कळतं? (कथेसाठी)

गोदाकाठची
एक लघुकथा लिहितेय. नायक सटाण्याहून नाशिकला आलेला, मुंबई नाक्याजवळच्या एका बारमध्ये काउंटरला लागलेला पोरगा. समोरच्याला पुरे झालंय हे ओळखायला तो शिकतो, एवढीच गोष्ट. पण अडलेय. मी लाल डोळे, जड जीभ, झोकांड्या असं सगळं लिहिलं. मैत्रीण म्हणाली, "हे तर रस्त्यावरच्या कुणालाही दिसेल, मग हा शिकला काय?" खरं आहे तिचं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना काय दिसतं? आणि मग ते नाही कसं म्हणतात?

सातपूरकर
सोपं आहे. पेग मोजायचे, चार स्मॉल झाले की बंद. जास्त झालीच तर कडक कॉफी पाजायची, उतरते. वाइनवाल्यांची काळजी नको, वाइन चढत नाही.

जुना काउंटर
गंगापूर रोडला बरीच वर्षं काउंटर सांभाळलाय, म्हणून लिहितो.

सातपूरकर, मोजायचं हे बरोबर, पण चार हा आकडा सगळ्यांना लागू नाही. कॉफीने झोप उडते, दारू तिथेच राहते. शरीर तासाला साधारण एक स्मॉल, म्हणजे ३० मिली, एवढंच निपटतं; त्याला घाई करता येत नाही. आणि १५० मिली वाइनचा ग्लास म्हणजे जवळपास दीड स्मॉल. आपल्या नाशकात वाइन सरबतासारखी पिणारे खूप, ते उठताना फसतात.

ताई, तुमच्या पोराने शिकायची गोष्ट ही की चेहरा उशिरा बोलतो. पोटात गेलेली दारू पूर्ण चढायला अर्धा तास ते तासभर लागतो. जीभ जड झालेली दिसते तेव्हा शेवटचा पेग अजून चढायचाच असतो. म्हणून बघायचं ते माणसाचं रोजचं वागणं आणि आजचा फरक.

समजा एक साहेब रोज आठला येतात. एक लार्ज, म्हणजे दोन स्मॉल, पाऊण तास पुरवतात, शेंगदाण्यातली मिरची बाजूला काढून खातात, हळू बोलतात. आज पहिला लार्ज दहा मिनिटांत संपला, शेंगदाण्याला हात नाही. पावणेनऊला तिसरा मागितला. चेहरा स्वच्छ, बोलणं सरळ. नवा पोरगा भरून देतो. शिकलेला हिशेब करतो: पाऊण तासात चार स्मॉल पोटात, निपटला एकसुद्धा नाही, आणि रिकामं पोट. तो आधी पाणी आणि चकली ठेवतो, तिसरा रेंगाळवतो. तेवढ्यात साहेब एकच किस्सा दुसऱ्यांदा सांगतात, पाचशेची नोट दोनदा मोजतात. मग तिसरा येतच नाही.

मुरलेल्या पिणाऱ्याचं तर वागणं बदलतच नाही, तिथे फक्त मोजणी कामाची.

मेघना_ना
थोडं वेगळं सांगते. माझ्या वडिलांना मधुमेह. एका लग्नात त्यांची साखर उतरली. घाम, बरळणं, पाय लटपटत होते. लोक म्हणाले, "घेऊन आलेत." थेंबही घेतला नव्हता. साखरपाणी दिल्यावर सावरले. तुमच्या नायकाला हेही माहीत असू द्या.

जुना काउंटर
मोलाचं सांगितलंत. एकच पेग घेऊन कुणी असा झाला तर तो बहुतेक दारूचा प्रश्न नसतो, मोजणी इथेही उपयोगी पडते. तोंड एका बाजूला वाकडं वाटलं तर थेट दवाखाना.

गोदाकाठची
हिशेबावर कथा उभी राहील असं आता वाटतंय. पण "नाही" कसं म्हणायचं? मालकाला तर धंदा हवा असतो. आणि क्वार्टर टेबलावरच ठेवली असेल तर?

जुना काउंटर
"तुम्हाला चढलीय" हे कधीच म्हणायचं नाही, त्यातून भांडण उभं राहतं. चारचौघांत तर नाहीच. सोबत आलेल्यांपैकी जो शुद्धीत आहे त्याला बाजूला घेऊन सांगायचं, "दादा, साहेबांचं आज इथपर्यंत ठेवूया." एकटे असतील तर "साहेब, जेवण लावू का?" म्हणायचं आणि जेवणाबरोबर बिल. किचन बंद होतंय हे कारण चालतं, पण खोटं पकडलं गेलं की तो माणूस पुन्हा ऐकत नाही, म्हणून मी ते टाळायचो. क्वार्टर म्हणजे १८० मिली, सहा स्मॉल, एकदम टेबलावर. तिथे मोजणी काउंटरच्या हातातून जाते. मग वेटरला सांगून ठेवायचं, बाटली किती उतरली ते प्रत्येक फेरीला बघ.

सातपूरकर
कॉफीचं नव्हतं माहीत. पण गाडीची चावी? बाहेर बुलेट उभी असते. मी म्हणतो चावीला हात लावू नये, मारामारी होते.

जुना काउंटर
रक्ताच्या १०० मिलीत दारूचं प्रमाण ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गाडी चालवणं गुन्हा, आणि तेवढं दोन स्मॉलमध्येही होऊ शकतं. मी रिक्षा बोलवायचो, चावी मागायचो. काही द्यायचे, काही नाही. नाही देणाऱ्याचं काय करायचं यावर आमच्या काउंटरवर कधी एकमत झालं नाही.

गोदाकाठची
मग माझ्या पोरालाही एक चावी न देणारा भेटू दे. अशाला तुमच्यापैकी कुणी अडवलंय का? कसं? वाचायला बसलेय.