मंगळ बाराव्यात आहे म्हणून कुंभविवाह, तोही गुपचूप?

मूळ पोस्ट (सक्करदरा)
पुतणीचं सिंह लग्न, 28 अंश 20 कला. मंगळ कर्केत, म्हणजे बाराव्या घरात. जन्मवेळ सकाळी 6:30. गुरुजी म्हणतात लग्नाआधी कुंभविवाह करून मोकळे व्हा, मुलाकडच्यांना सांगायची गरज नाही. नागपुरात कुठे चांगला करतात?

महालकर काका
"कुठे" नंतर बघू जी, आधी "कशावरून" बघा. 6:30 हा आकडा कुठून आला? जन्मदाखल्यावर सहसा तारीख असते, वेळ नसते. वेळ दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर मिळते. ती नसेल तर घरच्यांनी आठवून सांगितलेले साडेसहा म्हणजे 6:25 असतील नाहीतर 6:40 असतील.

आता गणित बघा. लग्नाचा एक अंश सरकायला साधारण चार मिनिटं लागतात. सिंह संपायला तुमच्याकडे एक अंश चाळीस कला उरल्या, म्हणजे फार तर सहा-सात मिनिटं. जन्म 6:40 चा निघाला तर लग्न कन्या होतं, कर्केतला मंगळ अकराव्यात जातो आणि लग्नावरून दोष धरताच येत नाही. दहा मिनिटांच्या शंकेसाठी मडकं आणायला निघालात!

बर्डीचा बंड्या
काहून एवढं गणित लावता काका? पोरगी 28 ची झाली की मंगळ आपोआप उतरते. आणि आता पत्रिकेतला मंगळ अर्धा तर अपवादातच जाते.

महालकर काका
अपवादाचं अर्धं बरोबर. लग्नी मेषेचा, चौथा वृश्चिकेचा, सातवा मकरेचा, आठवा कर्केचा, बारावा धनूचा, हे सोडतात. इथे मंगळ कर्केचा आहे पण बारावा आहे, म्हणून ही सूट लागत नाही. 28 वर्षांचं मात्र या यादीत कुठेही नाही, ते लोकांनी लोकांना सांगितलेलं.

शंकेखोर
बारापैकी पाच घरं दोषाची. लग्नावरून नाही निघाला तर चंद्रावरून बघतात, मग शुक्रावरून. तिन्ही लावले तर ढोबळ हिशेबाने दहातले आठ जण मंगळवाले ठरतात. धंदा उगाच चालतो का? मडक्याशी लग्न ही मुलीची थट्टा आहे, बस्स.

धरमपेठवाली
थट्टा वाटत असेल तर करू नका, पण माहिती नीट असू द्या. तिथे मडक्याला नवरा मानत नाहीत. मातीच्या घटात पाणी, त्यावर विष्णूची छोटी प्रतिमा. आधी संकल्प, गणेशपूजन, पुण्याहवाचन. मग मुलीचे वडील कन्यादान करतात, मुलगी आणि घट यांच्याभोवती सूत गुंडाळतात. नंतर घट पाण्यात नेऊन फोडायचा, मुलीवर अभिषेक. प्रतिमा दान जाते, म्हणून आधीच विचारा: प्रतिमा सोन्याची की तांब्याची, आणि तिची किंमत दक्षिणेत धरली का? भांडण तिथेच होतं.

शंकेखोर
आणि घट फोडायला फुटाळ्यावर जायचं, खापऱ्या पाण्यात टाकायच्या. वा!

धरमपेठवाली
घरच्या टबात फोडा, खापऱ्या कुंडीत घाला. झालं समाधान?

बर्डीचा बंड्या
पोराला मंगळ असला तर रुईशी लावतेत ना?

महालकर काका
सरसकट सांगतात खरे. पण जुन्या धर्मग्रंथांत अर्कविवाह, म्हणजे रुईशी लग्न, येतो तो पुरुषाच्या तिसऱ्या लग्नाआधी, मंगळासाठी नाही. कुंभविवाहही मुळात वैधव्ययोगासाठी. "मंगळ म्हणजे कुंभ" हा सरळ हिशेब नंतरचा.

धरमपेठवाली
असं कसं काका? कडक मंगळ म्हणजे वैधव्ययोगच की! तुम्ही शब्दांत अडकता.

महालकर काका
नुसता बाराव्यातला मंगळ म्हणजे वैधव्ययोग? आठवं घर, सातव्याचा स्वामी, गुरूची दृष्टी काही न बघता? मग तुम्हीच दहातल्या आठांत या.

इतवारी ताई
आमच्याकडे मुलामुलीची एकच नाडी आली आहे. कुंभविवाहाने ती सुटेल का?

धरमपेठवाली
नाही ताई. नाडी गुणमेलनातली गोष्ट आहे, तिचा घटाशी संबंध नाही. वेगळा धागा काढा.

शंकेखोर
सगळे मूळ मुद्दा सोडून रुईत शिरले. "सांगू नका" याचं काय?

महालकर काका
इथे तुमचं ऐकावं लागतं, नाइलाज आहे. विधीने पत्रिका बदलत नाही. मंगळ कर्केतच राहतो. उद्या मुलाकडचा ज्योतिषी तीच पत्रिका उघडून पुन्हा "मंगळ" म्हणेल, आणि झाकलेलं बाहेर येईल. म्हणून मुलाकडच्यांना आधी विचारा: तुम्ही मंगळ मानता का, कोणत्या पंचांगाने, कुंभविवाह झाला तर तो तुम्हाला चालेल का. त्यांनी "आमच्या गुरुजींकडूनच हवा" म्हटलं तर तुमचा खर्च दोनदा.

शंकेखोर
आणि मुलीला विचारायचं की नाही?

धरमपेठवाली
सगळ्यात आधी. संकल्पाला तिलाच बसायचंय.

सक्करदरा
डिस्चार्ज कार्ड वहिनीच्या माहेरी, रामटेकला आहे म्हणतात. रविवारी आणतो. वेळ 6:30 च निघाली तर?

महालकर काका
तर लग्न सिंहच, मंगळ बारावा. मग चंद्र कुठे आहे ते लिहा, पुढचं त्यावर बोलू.

बर्डीचा बंड्या
अन् 28 वर्षांचं?

महालकर काका
बंड्या, झोप आता.