मदत हवी आहे: आयएनआर २.८, पण अल्ब्युमिन नॉर्मल कसं?

नमस्कार मंडळी, मी जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला आहे. केस प्रेझेंटेशनसाठी मदत हवी आहे.

२४ वर्षांचा मुलगा, हिपॅटायटिस ए, कावीळ होऊन आठवडा झालेला. आयएनआर २.८, अल्ब्युमिन मात्र ३.९. पायावर सूज नाही, पोटात पाणी नाही. मला समजलं ते असं: अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारे फॅक्टर, दोन्ही यकृतातच बनतात, पण अल्ब्युमिन रक्तात टिकतं, ते निम्मं व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. गोठण्याचा फॅक्टर सात काही तासांतच निम्म्यावर येतो. म्हणून यकृत अचानक बंद पडलं की आधी आयएनआर वाढतो. अल्ब्युमिन घटून सूज येणं हे बहुधा जुन्या सिऱ्हॉसिसचं चित्र. बरोबर ना?

शिरेतून व्हिटॅमिन के देऊनही आयएनआर उतरला नाही, म्हणजे कमतरता व्हिटॅमिनची नसून कारखानाच थांबलाय. त्यात तो दिवसा झोपतो, रात्री जागतो, हात पुढे धरले की पंजे फडफडतात. अमोनियाचा युरिया होत नसल्याने तो मेंदूपर्यंत पोचतो, एवढं कळलं.

आता अडलंय ते इथे. एसजीपीटी ३२०० वरून ९०० वर आलं, नातेवाईक खूश. सर मात्र म्हणाले, आयएनआर वाढतोय तोवर हे सुधारणं नव्हे. पेशीच उरल्या नाहीत म्हणून एन्झाइम घटलं का? आणि रक्तस्राव नसताना प्लाझ्मा द्यायचा नाही, तो आयएनआरचा आकडा बिघडू नये म्हणूनच ना? आयसीयूत काम केलेल्यांनी कृपया सांगा.