देयक का अडले, तेही लिहावे
“रजेवर जाताना सहकाऱ्याला काम सोपवण्याच्या ईमेलमध्ये प्रलंबित देयकांसमोर रक्कम आणि देय तारीख लिहिली की पुरे ना?”

पुरत नाही, देयक कशामुळे अडले आहे आणि काय हाती आल्यावर ते सोडायचे, हे त्याच ओळीत हवे. माझ्या रजेपूर्वी एका पुरवठादाराने ५०० नगांच्या ऑर्डरपैकी ३८० नगच पाठवले होते, बिल मात्र पूर्ण ५०० चे होते, म्हणून उरलेल्या १२० नगांची क्रेडिट नोट येईपर्यंत मी ते रोखून धरले होते. काम सोपवण्याच्या ईमेलमध्ये मी त्यासमोर फक्त ‘प्रलंबित’ लिहिल्यामुळे सहकाऱ्याने देय तारीख पाहून पूर्ण रक्कम चुकती केली. चूक माझीच होती. आता मी ‘३८० नग मिळाले, १२० ची क्रेडिट नोट आल्याशिवाय रक्कम देऊ नये’ असे स्पष्ट लिहितो आणि विक्री प्रतिनिधीबरोबरच ती नोट काढणाऱ्या लेखा विभागातील व्यक्तीचाही संपर्क देतो.