फ्यूज जातायत ते रेझोनन्समुळे

> रबाळे एमआयडीसी, ५०० केव्हीए ट्रान्सफॉर्मर, इम्पीडन्स ४.५ टक्के. लोड ४०० किलोवॅट, निम्मा व्हीएफडीवर. पीएफ ०.८० वरून ०.९८ करायला २२५ केव्हीएआरची कपॅसिटर बँक लावली. सगळ्या स्टेप आत आल्या की फ्यूज जातात. केव्हीएआर कमी पडतात का?

नाही, केव्हीएआर बरोबर आहेत. ४०० × (०.७५ − ०.२०) म्हणजे २२० च्या आसपास. अडचण बँकेची ट्रान्सफॉर्मरच्या इंडक्टन्सशी जमलेल्या जोडीची, म्हणजे रेझोनन्सची आहे. शॉर्ट सर्किट पॉवर ५०० ÷ ०.०४५, म्हणजे सुमारे ११,१०० केव्हीए. तिला २२५ ने भागून वर्गमूळ काढा, रेझोनन्स कितव्या हार्मोनिकवर ते कळतं: ७.०. सहा पल्सचे व्हीएफडी पाचवा आणि सातवा हार्मोनिक सोडतातच, आणि तुमची पूर्ण बँक नेमकी सातव्यावर बसते. आणखी केव्हीएआर घातलेत तर पाचव्याकडे सरकाल, ते त्याहून वाईट.

खात्री करायची तर ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर घ्या. २५ केव्हीएआरच्या स्टेपला ४१५ व्होल्टवर ३५ अँपिअर हवेत. शेवटची स्टेप आत येताच बाकीच्या स्टेपचा करंटही ४५ च्या वर उडाला, तर हाच रेझोनन्स. कपॅसिटरला सतत १.३ पटीपर्यंतच करंट चालतो. मोठे फ्यूज मात्र कृपा करून टाकू नका, मग कपॅसिटर फुगतील.

उपाय म्हणजे प्रत्येक स्टेपला ७ टक्क्यांचा डीट्यून्ड रिॲक्टर. त्याने स्टेप १८९ हर्ट्झला ट्यून होते, म्हणजे पाचव्याच्या (२५० हर्ट्झ) खाली. पण कपॅसिटरवर व्होल्टेज ४४६ पर्यंत चढतं, म्हणून कपॅसिटर ४८० व्होल्टचे घ्या आणि २२५ मिळवायला नेमप्लेटवर २८० केव्हीएआर धरा. निम्म्या स्टेपना रिॲक्टर आणि निम्म्या तशाच, असं करू नका.