प्रतिसाद: परवाना नूतनीकरणाचं पत्र

> "गुमास्ता आहे, तोच जोडला तर चालेल ना? आणि पत्रात लिहायचं काय?"

नाही चालणार. महापालिकेचा व्यवसाय परवाना वेगळा, गुमास्ता म्हणजे फक्त दुकानाची नोंदणी. गुमास्ता जोडाच, पण जुना परवाना, मालमत्ता कराची चालू पावती आणि भाडेकरार यांच्या सोबत. घोडं अडतं ते भाडेकरारापाशी. ११ महिन्यांचा करार फेब्रुवारीत संपलेला आणि अर्ज मार्चमध्ये, की त्रुटी निघालीच. आधी नवा करार नोंदवून घ्या.

पत्र चार ओळींचं पुरे: परवाना क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, मिळकत क्रमांक आणि 'व्यवसाय व जागेत बदल नाही' (खरंच नसेल तरच!). खाली जोडलेल्या कागदांची यादी, प्रत्येकापुढे पानांची संख्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मागून घ्या. उद्या टेबलावरून एखादा कागद गहाळ झाला तर ती यादीच दाखवता येते.