अनुभव धागा: स्वप्नात परक्याचं लेकरू रडतं तेव्हा

धागाकर्ती, यवतमाळकडची: महिनाभरात तीनदा एकच स्वप्न पडलं. पऱ्हाटीत कापूस वेचतेय, ओटी भरलेली. धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधलीय आणि आत कोणाचं तरी लेकरू रडतंय. बाकीच्या बाया ओळ सोडत नाहीत. मी धावते, पण पाय उचलत नाहीत. पोचते तेव्हा झोळीत नुसती फडकी. माझी दोन्ही पोरं मोठी आहेत, धडधाकट. मग हे कोणाचं? तुम्हाला पडतं का असं?

जागलीवाला शेतकरी: मांजरं हो ताई! मले बी रडणारं पोट्टं दिसे. उठून पायलं तं गोठ्यामागं बोका अन् मांजर. अर्थबिर्थ काही नाही.

निवृत्त समुपदेशक, अमरावती: दादांचं अर्धं बरोबर आहे. बाहेरचा आवाज स्वप्नात शिरतो. पण त्या आवाजाचं लेकरूच का झालं, हे मांजर सांगत नाही. पाय न उचलण्याचं लोक फार मनाला लावून घेतात. गाढ स्वप्नाच्या झोपेत हातपाय ढिले पडलेले असतात, त्याचाही तो भाग असू शकतो.

मानसशास्त्रज्ञ युंग म्हणायचा, स्वप्नातलं प्रत्येक पात्र आपलाच एखादा तुकडा समजून पाहा. मी एकच विचारतो : लेकरू केवढं? आणि तेवढ्याच काळापूर्वी तुमच्या घरात काय सुरू झालं, काय थांबलं? मात्र ओल्या बाळंतिणीला हे विचारू नये. बाळ अंथरुणात हरवल्याची स्वप्नं तिला पडतातच, ती तिच्या खऱ्या बाळाची काळजी असते. जिचं मूल गेलंय तिलाही नको.

अंगणवाडी मदतनीस: असं लेकरू सापडलं तर घरी नेऊन ठेवू नका, मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 लावा. आमच्याकडे एकीनं मायेपोटी दोन दिवस ठेवलं, मग पोलिसांना उत्तरं देता देता नाकी नऊ आले. (स्वप्नाबद्दल चाललंय होय? असू द्या, नंबर कामाचा आहे.)

धागाकर्ती: सहा-सात महिन्यांचं असेल, नुकतं बसायला लागलेलं. सासूबाई पडल्या त्यालाही तेवढेच महिने झाले. तेव्हापासून शिलाई मशीन झाकलेली आहे. पण ‘ते लेकरू म्हणजे मीच’ हे काही पटत नाही. मला त्याच्या आईचा राग येतो.

पुण्यात नोकरी, गाव वाशीमकडे: मी चार भावंडांत थोरला. स्वप्नात लेकरू उचलतो, मग घरोघरी विचारत फिरतो, घेतं का कुणी? कुणी दार उघडत नाही.

समुपदेशक: तुम्ही स्वप्नात मदत तरी मागता. ताई मागत नाहीत. आणि ताई, राग आला तो लिहून ठेवा. माझं म्हणणं खरं असेलच असं नाही, पण तुमचा राग खरा आहे.

धागाकर्ती: काल पुन्हा पडलं. आवाज आला तशी ओटी सोडली, कापूस मातीत सांडला. अन् मी तिथंच उभी, वजनात किती घट येईल ते मोजत.